सैल कंबरेचा पायजमा आणि स्कर्ट: आधी नेफा उसवा, मग इलॅस्टिक किंवा नाडी आणा

कंबर सैल झाली की बहुतेक जण आधी दुकानात जातात, मीटरभर इलॅस्टिक आणतात आणि मग नेफा उसवायला बसतात. चूक इथेच होते. आणलेलं इलॅस्टिक नेफ्यात शिरत नाही, नाहीतर त्यात इतकं मोकळं राहतं की दोन धुण्यांत त्याला पीळ पडतो. इलॅस्टिक किती रुंद घ्यायचं हे नेफ्यावर ठरतं आणि किती दणकट घ्यायचं हे कपड्याच्या वजनावर. म्हणून आधी उसवायचं, मग मोजायचं, मग खरेदी करायची. कात्री लावायची ती कंबरेला गुंडाळून बघितल्यानंतरच.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. रेडिमेड सुती नाइट पायजमा आहे, वापरणाऱ्याची कंबर ३३ इंच आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४० इंच. स्कर्टचं गणित जिथे वेगळं होतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. दोष कशात आहे ते ओळखा

पायजमा टेबलावर सपाट ठेवा आणि कंबर दोन्ही हातांनी ताणून सोडा. ताणताना आतून करकर आवाज आला आणि सोडल्यावर कंबर सावकाश किंवा अर्धवटच मागे आली, तर आतला रबर वाळून तुटला आहे. असं इलॅस्टिक बदलावंच लागतं. नागपुरात हे लवकर होतं, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कपडे गच्चीवर भर उन्हात तासन्‌तास पडून असतात. ऊन आणि उष्णता हे रबराचे मोठे शत्रू आहेत.

कंबर टणकन मागे येत असेल, तर इलॅस्टिक अजून चांगलं आहे. मग चिमटीत धरून पूर्ण कंबरभर चाचपडत जा. एका जागी दोरीसारखी गाठ लागली तर तिथे पीळ पडला आहे. एखाद्या जागी नेफा रिकामा लागला तर जोड सुटला आहे. दोन्ही वेळी नेफा दोन इंच उघडून आतलंच इलॅस्टिक नीट करता येतं. सगळं ठीक असूनही पायजमा खाली येत असेल तर तो मापालाच मोठा आहे. तेव्हा तेच इलॅस्टिक दोन इंच कमी करून पुन्हा जोडा.

## २. नेफा उसवा

नेफा दोन तऱ्हेचा असतो. घरी किंवा टेलरकडे शिवलेल्या कपड्यात कापड दुमडून बोगदा केलेला असतो आणि इलॅस्टिक त्यात मोकळं फिरतं. इथे सगळा नेफा उसवायची गरज नाही. पाठीमागच्या मधल्या शिवणीजवळ दोन इंच टाके उसवा, जुनं इलॅस्टिक बाहेर खेचून कापा आणि काढून घ्या.

रेडिमेड नाइट पायजम्यात मात्र इलॅस्टिक कापडालाच तीन-चार ओळींनी शिवलेलं असतं. एकेक टाका कात्रीने तोडत बसलात तर अख्खी दुपार जाते आणि कापडालाही भोकं पडतात. आतल्या बाजूने त्या ओळी नीट बघा. टाके बारीक साखळीसारखे एकमेकांत अडकलेले दिसले तर ती साखळी टीप आहे, आणि साखळी टीप एका टोकाकडून सरसर उसवते. ओळ जिथे संपते तिथला दोरा तोडा, सुईच्या टोकाने शेवटचा फासा सोडवा आणि आतल्या बाजूचा दोरा हळूच ओढा. उसवली नाही तर दुसऱ्या टोकाकडून करून बघा, कारण ती एकाच दिशेने सुटते. वरच्या काठाला ओव्हरलॉक असेल तर तेवढं मात्र उसवणीने किंवा ब्लेडने टाका-टाका करूनच काढावं लागतं.

थांबा. कंटाळून जुना पट्टा वरून कापून टाकायचा विचार असेल तर आधी पायजमा घालून खाली मांडी घालून बसा. कापल्यावर उंची दीड-दोन इंचांनी कमी होते, आणि नवा नेफा दुमडायला आणखी पावणेदोन इंच लागतात. बसल्यावर मागची कंबर आत्ताच खाली सरकत असेल तर कापू नका. कापावंच लागलं तर वरून वेगळ्या कापडाची पट्टी जोडा. एक इंची इलॅस्टिकसाठी पट्टी साडेतीन इंच रुंद घ्या, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाईल आणि दुमडल्यावर सव्वा इंचाचा नेफा मिळेल.

## ३. तीन मापं घ्या

पहिलं माप नेफ्याच्या आतल्या मोकळ्या जागेचं. वरची घडी ते खालची टीप एवढंच अंतर मोजा, बाहेरून दिसणारी पूर्ण पट्टी नाही. वरच्या काठालाही एखादी टीप असेल तर दोन टिपांमधलं अंतर धरा. इलॅस्टिक या मापापेक्षा एक ते दोन सूत, म्हणजे अष्टमांश ते पाव इंच कमी रुंद हवं. आपल्या पायजम्याचा नेफा आतून सव्वा इंच भरतो, म्हणून इलॅस्टिक एक इंची. सव्वा इंचाच्या नेफ्यात अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक घातलं तर ते आत उलटंपालटं होतं, आणि बरोबर सव्वा इंचाचंच घातलं तर ते अडकतं किंवा कडा दुमडून बसतं. घरात जे पडलं आहे ते बारीक इलॅस्टिकच वापरायचं असेल तर नेफ्यात आणखी एक टीप मारून बोगदा अरुंद करा.

दुसरं माप कपड्याच्या तोंडाचं. इलॅस्टिक काढल्यावर कंबर पूर्ण पसरून सपाट मोजा आणि दुप्पट करा. आपल्या पायजम्याचं ते ४२ इंच येतं. हे माप सीटपेक्षा कमी असेल तर इलॅस्टिक कितीही चांगलं आणा, कपडा वर चढणार नाही.

तिसरं माप शरीराचं. पायजमा जिथे बांधून घालता तिथे मोजा. बरेच जण बेंबीवर टेप लावतात आणि पायजमा घालतात त्याच्या दोन इंच खाली.

## ४. इलॅस्टिक की नाडी

रोजचा झोपायचा पायजमा, मुलांचे कपडे आणि हलका स्कर्ट यांना इलॅस्टिक सोयीचं. जिथे कापडाचं वजन खाली ओढतं, किंवा घालणाऱ्याचं पोट दिवसभरात कमी-जास्त होतं, तिथे नाडी बरी. बाळंतपणानंतरचे महिने आणि आजारातून उठलेलं माणूस यांना तर एकच ठरावीक माप लावूच नये.

घेराच्या स्कर्टचं एक गणित आहे, ते सहसा लक्षात येत नाही. पायजम्याचं ४२ इंचाचं तोंड ३० इंचावर आवळायचं असतं, म्हणजे चुण्या थोड्या पडतात. स्कर्टचं तोंड ८० इंच असेल आणि ते २९ वर आणायचं असेल, तर नेफ्यात इतकं कापड गोळा होतं की मऊ इलॅस्टिक त्याला दाबूच शकत नाही. इलॅस्टिक आत ताणलेलंच राहतं, स्कर्ट घसरतो आणि दोष इलॅस्टिकच्या लांबीला दिला जातो. मग ते आणखी तोकडं केलं जातं आणि चार दिवसांत मरतं. इथे दीड ते दोन इंची, जाड विणीचं इलॅस्टिक हवं, नाहीतर सरळ नाडी. दोन्ही नको असेल तर वरचा घेर आधी चुण्या घालून ४२-४४ इंचाच्या पट्टीत बसवून घ्या आणि मग त्या पट्टीत इलॅस्टिक घाला. काम जास्त आहे, पण जड स्कर्टला याहून नीट उपाय नाही.

लहान मुलांच्या कपड्यात नाडी टाळा. लोंबणारी टोकं कशाततरी अडकतात.

## ५. दुकानात: नाव विचारू नका, ओढून बघा

नागपुरात इतवारी, गांधीबाग किंवा सीताबर्डीला शिवणसामानाच्या दुकानात गेलात की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, किती इंची? रुंदी आता तुम्हाला माहीत आहे. जात मात्र हातानेच ओळखावी लागते, कारण एकाच मालाला दोन दुकानांत दोन नावं असतात.

हातभर इलॅस्टिक ओढून बघा. ओढल्यावर इलॅस्टिक बारीक झालं आणि अंगावर उभ्या रेघा दिसल्या, तर ते वेणीसारखं गुंफलेलं स्वस्त इलॅस्टिक. ते मोकळ्या, अरुंद नेफ्यात चालतं, पण सुई आरपार गेली की त्याची ताकद कमी होते. त्यामुळे कापडावर थेट शिवायला घेऊ नका. ओढल्यावर रुंदी जवळपास तशीच राहिली आणि हाताला मऊ लागलं, तर ते जाळीदार विणीचं, ज्याला दुकानात नीटेड म्हणतात. पायजम्याला हेच घ्या. ते अंगाला बोचत नाही आणि वरून टीप मारली तरी टिकतं. तिसरं जाड, दोन्ही दिशांना घट्ट विणलेलं असतं. ते चिमटीत उभं दुमडून बघा, लगेच सरळ होतं. यातलंच कडक आडव्या धाग्यांचं नॉन-रोल म्हणून मिळतं आणि ते काठावर गुंडाळत नाही. जड स्कर्टला ते उत्तम. पायजम्यात मात्र झोपताना कुशीवर वळलं की त्याची धार टोचते.

तपासा. टेपवर १० इंच धरून १५ इंचापर्यंत ओढा, दहा आकडे मोजा आणि सोडा. पुन्हा १० वर आलं पाहिजे, एखादं सूत जास्त चालेल. साडेदहाच्या पुढे राहिलं तर तो माल जुना आहे, दुकानातच उष्णतेने थकलेला. दुसरा रोल काढायला सांगा.

रुंदीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नेफा परवानगी देत असेल तर रुंद घ्या आणि कमी आवळा. तोच ताण अर्ध्या इंचावर पडला तर तो एक इंचावर पडतो त्याच्या दुप्पट रुततो. उन्हाळ्यात घामाने ओल्या कातडीवर ती रेघ लाल होते, खाजते. हा फक्त त्रासाचा मामला नाही. २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची नोंद छापली. वर्षानुवर्षं कंबरेला एकाच जागी कपडा घट्ट बांधल्याने आधी जखम झाली, ती भरली नाही आणि पुढे तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. असं क्वचित घडतं, पण कंबरेवर न भरणारी जखम असेल तर कपडा बदलून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

## ६. लांबी ठरवा आणि मगच कापा

रोलवरचं इलॅस्टिक ताणून गुंडाळलेलं असतं. घरी आणल्यावर ते उलगडून रात्रभर मोकळं पडू द्या. दुसऱ्या दिवशी ते थोडं आखडलेलं सापडू शकतं. तेच त्याचं खरं माप.

आता कंबरेला, पायजमा बसतो त्याच जागी गुंडाळा आणि सेफ्टी पिन लावा. मांडी घालून बसा, खाली वाका, दोन्ही हात वर करा. खाली घसरत नाही आणि पोटात रुततही नाही अशी जागा सापडली की तिथे पेनाने खूण करा. एक इंची नीटेड इलॅस्टिकला ती खूण कंबरेपेक्षा साधारण दोन ते तीन इंच कमी येते. आपल्या ३३ इंचाच्या कंबरेला ३० इंच. जाड विणीच्या इलॅस्टिकला दीड-दोन इंच कमी पुरतं. मुलांच्या बाबतीत आकडेमोड करू नका, पोरावरच लावून बघा.

कापण्याआधी एक पडताळा घ्या. ३० इंचाचं कडं ४० इंचाच्या सीटवरून चढायला हवं, म्हणजे प्रत्येक १० इंच किमान साडेतेरा इंचापर्यंत आरामात ताणले गेले पाहिजेत. दुकानात १५ पर्यंत ओढून बघितलं होतं, त्यामुळे इथे अडचण नाही. जाड नॉन-रोल कमी ताणतं, म्हणून ज्यांची कंबर आणि सीट यांत दहा-बारा इंचांचा फरक आहे त्यांनी हा पडताळा चुकवू नये.

आता जोडासाठी एक इंच धरून ३१ इंच कापा. इलॅस्टिक कापडावर थेट टीप मारून बसवणार असाल तर लांबी एक इंचाने कमी घ्या. प्रत्येक ओळीत सुई आणि दोरा शिरला की ते थोडं ढिलं होतं.

## ७. ओवा, घालून बघा, मग जोडा

मोठी सेफ्टी पिन एका टोकाला आडवी लावा. दुसरं टोक आणखी एका पिनने नेफ्याच्या तोंडाशी कापडाला अडकवून ठेवा. हे दुसरं टोक आत गडप होणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि मग सगळं पहिल्यापासून. पिन शिवणीजवळ अडते, कारण आतल्या शिवणीची दुमड उभी राहिलेली असते. जोर लावू नका, पिन थोडी मागे घ्या आणि दुमड बोटाने बाहेरून दाबून धरा. पिन फिरवताना इलॅस्टिक उलटत नाही ना, हे दर चार-सहा बोटांनी चाचपून बघा.

दोन्ही टोकं बाहेर आली की ती एकमेकांवर एक इंच ठेवून नुसती पिन लावा आणि पायजमा घालून बघा. कापडाच्या चुण्यांनी फरक पडतो, म्हणून मोकळ्या इलॅस्टिकवर घेतलेली खूण शेवटची समजू नका. ठीक वाटलं की टोकं तशीच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली मारा. समोरासमोर धरून साधी शिवण मारली तर तिथे जाड गाठ येते, ती पाठीला टोचते आणि सुटतेही लवकर.

नेफ्याचं तोंड बंद करताना तिथलं कापड दोन्ही हातांनी ताणून सपाट धरा आणि टीप काठावरूनच न्या. सुई इलॅस्टिकवर गेली तर त्या जागी चुण्या कायमच्या अडकतात.

शेवटी चुण्या सारख्या वाटून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवर व मागच्या मधल्या शिवणीवर, इलॅस्टिकसकट, एकेक उभी टीप मारा. या तीन टिपांमुळे पीळ पडत नाही. वेणीसारखं इलॅस्टिक असेल तर फक्त मागे एकच मारा.

## ८. नाडी घालायची असेल तर

नाडी सुती आणि सपाट घ्या, अर्धा ते पाऊण इंची. गुळगुळीत पॉलिस्टरची गोल दोरी दिसायला छान असते, पण गाठ धरत नाही आणि कातडीत रुतते. सुती नाडी आधी पाण्यात भिजवून वाळवा. न धुता घातली तर पहिल्या धुण्यात आखडून टोकं आत जातात.

लांबी कंबरेवरून काढू नका, कपड्याच्या तोंडावरून काढा. पायजमा पूर्ण पसरलेला असताना दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच बाहेर राहिलं पाहिजे. म्हणून ४२ अधिक १८, एकूण ६० इंच. कंबरेपुरती नाडी घेतली की कपडा काढताना तोंड पसरतं आणि एक टोक नेफ्यात शिरतं.

नाडी बाहेर काढायला जागा हवी. इलॅस्टिकच्या जुन्या नेफ्यात ती नसते. पुढची मधली शिवण नेफ्याच्या बाहेरच्या पदरावर फक्त अर्धा-पाऊण इंच उसवा आणि उसवलेल्या जागेच्या वर-खाली दोन-तीन उलट टाके घाला, नाहीतर शिवण रोज थोडी-थोडी उघडत जाते. शिवण नसेल तर दोन काज करावे लागतील. त्यांच्यामध्ये दीड इंच अंतर ठेवा आणि मागून जुन्या सुती कापडाचा दुहेरी तुकडा लावा. एकेरी पातळ कापडावर केलेला काज महिनाभरात फाटतो. नेफा नव्याने दुमडणार असाल तर काज दुमडण्याआधीच करून घ्या, नंतर मागचा पदरही सुईत येतो.

ओवून झाल्यावर मागच्या मधल्या शिवणीवर नाडीसकट एक उभी टीप मारा. ती टीप असली की एक टोक ओढलं तरी दुसरं आत जात नाही. टोकं दुमडून शिवा किंवा गाठ मारा.

दोन्ही हवं असेल तर: मागे इलॅस्टिक आणि पुढे नाडी असा जोड पोट कमी-जास्त होणाऱ्यांना फार सोयीचा. ३३ च्या कंबरेला १६ इंच एक इंची इलॅस्टिक घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना २४-२४ इंच सपाट नाडी एक इंच एकमेकांवर ठेवून, चौकोन-फुलीची टीप मारून जोडा. सगळं मिळून ६२ इंच होतं, म्हणजे तोंड पूर्ण पसरलं तरी दोन्हीकडे १० इंच शिल्लक. इलॅस्टिकचा मध्य मागच्या शिवणीवर टीप मारून पक्का करा. बांधल्यावर जोड नेफ्याच्या आतच, बाजूंच्या शिवणींच्या जवळपास राहतात. नेफा आणि नाडी-इलॅस्टिकचा जोड यांच्या रुंदीत निदान दोन सूत सैल असू द्या, कारण जोडाची जागा जाड असते.

## ९. पहिलं धुणं

पहिल्यांदा थंड पाण्यात धुवा, ब्लीच घालू नका, पिळताना कंबर धरून पिळू नका. सावलीत वाळवा. गच्चीच शिल्लक असेल तर उलटा करून पायाकडून टांगा आणि कंबरेवर दुसरा कपडा टाका. इस्त्री नेफ्याच्या खालीच थांबवा.

वाळल्यावर कंबर पुन्हा सपाट मोजा. आपल्या पायजम्याची शिवून झाल्यावर चुण्यांसकट साधारण १५ ते १६ इंच भरली असेल. धुतल्यावर तेवढीच किंवा पाव इंच इकडे-तिकडे भरली तर काम पक्कं. इंचभर वाढली असेल तर इलॅस्टिक थकलेलं निघालं किंवा टीप त्याच्या अंगावरून गेली. मागचे दोन इंच उसवून आधी जोड बघा, तो शाबूत असेल तर उरलेला तुकडा पुन्हा १० वरून १५ वर ओढून तपासा.